नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही

(महाड-पोलादपूर भागातल्या मुस्लिम स्त्रियांच्या पोटगीच्या प्रश्नावर अभ्यास करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या उमरठ येथील बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



एथिक्स कमिटीकडे पाठवायच्या तुमच्या अर्जाचा खर्डा मी दोनदा वाचला. विषय चांगला आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या तलाक झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या तीस मुस्लिम स्त्रियांना भेटायचं, पोटगीसाठी त्या कुठे गेल्या, जमातीकडे की कोर्टात, आणि हाती काय लागलं हे विचारायचं. अशी माहिती आपल्याला हवी आहे. भाषणं आपण खूप केली. कोकणातल्या एखाद्या बाईने वकिलाला किती पैसे दिले आणि किती तारखांना ती महाडला आली हे मात्र आपल्याला नीट सांगता येत नाही.

मी एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर बाहेरची सदस्य आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. मी त्यातली सामान्य नागरिक. माझं काम एवढंच, की समोरचा कागद ज्या बाईपुढे ठेवला जाणार आहे तिच्या जागी बसून तो वाचायचा.

तसा तुमचा खर्डा वाचला. पद्धतीवर सहा पानं आहेत, संदर्भांवर चार. आणि या बायकांच्या सुरक्षिततेवर दोन वाक्यं: ‘सहभागींची नावे बदलण्यात येतील’ आणि ‘या अभ्यासात सहभागींना कोणताही धोका नाही’. समिती अर्ज परत पाठवेल तो या दोन वाक्यांसाठी, आणि माझं मत विचाराल तर तिने पाठवावाच. आज मी या दोनच वाक्यांवर बोलणार आहे.

पहिलं वाक्य घेऊ. नाव बदललं की माणूस लपतो असं आपण धरून चालतो. मुंबईत भेंडीबाजारातल्या बाईचं नाव बदललं तर कदाचित लपेलही. इथे काय होतं ते पाहा. समजा तुम्ही या गावाचं नाव अहवालात बदललंत आणि वाचकाला कल्पना यावी म्हणून लिहिलंत, ‘पोलादपूर तालुक्यातलं एक डोंगराळ गाव, जिथे शिवकाळातल्या एका प्रसिद्ध सरदाराची समाधी आहे’. शाळेतलं पोरही सांगेल, हे उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं. ‘१९२७ च्या पाण्याच्या सत्याग्रहाचं शहर’ म्हटलं की महाड. ‘जुलै २०२१ मध्ये दरडीखाली गेलेली वाडी’ म्हटलं की तळीये. आपल्या भागाला इतिहास फार आहे, आणि लपवायचं असेल तेव्हा तोच आड येतो. अर्जात तुम्ही गावाला टोपणनाव दिलंय आणि पुढच्याच परिच्छेदात त्याचं महामार्गापासूनचं अंतर, नदी आणि लोकसंख्या दिली आहे. त्याने काही साधत नाही.

गाव कळलं तरी बाई कळणार नाही असं कुणी म्हणेल. तर हिशेब करून पाहू. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. एका गावात मुसलमानांची चौदा घरं आहेत. त्यांत प्रौढ स्त्रिया चाळीस. त्यांपैकी तलाक झालेल्या किंवा टाकलेल्या तीन. त्या तिघींतली एकच पस्तिशीच्या आतली. तुमच्या खर्ड्याच्या शेवटी कोष्टकाचा नमुना आहे, त्यात प्रत्येकीसमोर गाव, वय, शिक्षण, मुलं आणि नवऱ्याचा व्यवसाय असे पाच रकाने आहेत. गाव आणि वय या दोन रकान्यांतच ती बाई एकटी उरली. बाकीचे तीन रकाने तिची ओळख पक्की करण्यापुरते. ‘फातिमा, नाव बदललेले, वय ३२, दहावी, दोन मुली, पती आखाती देशात ड्रायव्हर’ हे वाचून तिच्या नणंदेला नावाची गरज पडेल का?

बहुसंख्य समाजातल्या तीस बायका घेतल्या तर त्या हजारांत मिसळतात. अल्पसंख्य म्हणजे मुळात थोडे, आणि खेड्यातले अल्पसंख्य म्हणजे बोटांवर मोजण्याइतके. म्हणून दुसऱ्या कुठल्या अभ्यासाचा गोपनीयतेचा परिच्छेद उचलून इथे चिकटवता येत नाही. समितीला तुमच्याकडून हा हिशेब हवा असतो: तुम्ही कोणकोणते तपशील छापणार, ते एकत्र केल्यावर किती माणसं त्यात बसतात. मी तुम्हाला सुचवीन की पाचाचा नियम ठेवा. कोणत्याही रकान्यांच्या जोडीत पाचांपेक्षा कमी स्त्रिया उरत असतील तर ते रकाने मोडून मोठे करा. गाव काढून ‘दक्षिण रायगड’ लिहा. वय ३२ ऐवजी ‘२५ ते ४०’. नवऱ्याचा व्यवसाय लिहायचाच असेल तर ‘परदेशी नोकरी’ किंवा ‘स्थानिक’ एवढंच. आणि प्रत्येक बाईची एक ओळ असलेलं कोष्टक छापूच नका. तीस जणींचं मिळून एक कोष्टक करा. एकीचं वय, दुसऱ्या पानावर तिचं शिक्षण, तिसऱ्या पानावर तिचं वाक्य, हे सगळं एकाच बदललेल्या नावाखाली आलं की वाचणारा धागा जोडत जातो. त्यामुळे काही वाक्यं नावाविनाच द्यावी लागतील.

यात संशोधनाचं नुकसान होतं हे मला कळतं. नवरा कुवेतला आहे की दुबईला, यावर पोटगीची वसुली अवलंबून असू शकते. तो तपशील विश्लेषणात वापरा, छापताना गाळा. आणि अर्जात तसं लिहा, की अमुक गोष्ट आम्ही गोळा करू पण प्रसिद्ध करणार नाही. समितीला असं स्पष्ट लिहिलेलं आवडतं, कारण त्यात तुम्ही विचार केल्याचं दिसतं.

अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगते. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्याचा अभ्यास करून १९५८ मध्ये पुस्तक काढलं. गावाला ‘स्प्रिंगडेल’ असं खोटं नाव दिलं, माणसांनाही खोटी नावं दिली. गावकऱ्यांनी पुस्तक वाचलं आणि पहिल्या बैठकीत सगळ्यांना ओळखलं. मग चार जुलैच्या मिरवणुकीत ते मुखवटे घालून, पुस्तकातली आपापली खोटी नावं लावून निघाले, आणि शेवटच्या गाडीवर लेखकाचा पुतळा शेणखतात वाकलेला दाखवला. तिथे दुखावले गेले ते गावचे प्रतिष्ठित लोक. त्यांना मिरवणूक काढून राग काढता आला. आपल्या अहवालातल्या बाईला काय काढता येईल?

आता अहवाल वाचणार कोण, याकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘अहवाल शैक्षणिक वर्तुळापुरता मर्यादित राहील’. कोकणातल्या मुसलमानांच्या घरात निदान एक माणूस आखातात असतो आणि प्रत्येक गावाचा, प्रत्येक जमातीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. तुमच्या अहवालाची पीडीएफ पोलादपूरला पोचायच्या आधी दोह्याला पोचेल, आणि तिथे जो माणूस ती वाचत असेल तो कदाचित त्याच बाईचा नवरा असेल. म्हणून धोक्याचा विचार करताना वाचक तीन ठिकाणी बसलेत असं धरा: घरात, जमातीत आणि समाजाबाहेर. तिन्हीकडून येणारा त्रास वेगळा आहे.

घरातला त्रास तुम्हाला माहीत आहे. भावाकडे राहणारी बाई भावाची तक्रार तुमच्यापाशी करेल आणि तेच वाक्य छापून आलं तर तिचं छप्पर जाईल. जमातीतला त्रास जरा हळू येतो. लग्नाचं बोलावणं बंद होतं, मुलीला स्थळ येत नाही, मय्यतीला माणसं येत नाहीत. वाळीत टाकणं ही काही फक्त हिंदूंच्या गावकीची गोष्ट नाही. रायगड जिल्हा बहिष्काराच्या प्रकरणांसाठी इतका गाजला की २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या चर्चेत त्याचं नाव सतत येत होतं. तो कायदा सगळ्या धर्मांना आणि सगळ्या जमातींना लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. म्हणजे एखादी बाई जमातीने आपल्याशी काय केलं हे सांगते तेव्हा ती एका गुन्ह्याची हकिकतही सांगत असते. तिच्या बोलण्याने अडचणीत येऊ शकणारी माणसं गावातच आहेत, हे लक्षात ठेवून तुम्हाला ते रेकॉर्डिंग सांभाळायचं आहे.

बाहेरच्या त्रासाकडे शेवटी येते. आधी मुलाखतीच्या दिवसाबद्दल बोलू. ओळख फुटते ती बहुतेक वेळा अहवालात नव्हे, त्या दिवशीच फुटते. तुमच्या खर्ड्यात त्या दिवसाचा उल्लेखच नाही.

तुम्ही लिहिलंय की जमातीच्या अध्यक्षांकडून अशा स्त्रियांची यादी घेऊ. यादी ज्याने दिली त्याला यादी माहीत आहे. त्याने पाच नावं दिली आणि तुमची गाडी पाच घरांपुढे थांबली, म्हणजे कोण बोललं हे त्याला कळलं. पुढे त्या पाचजणींपैकी कुणी जमातीविरुद्ध काय बोललं हे हुडकायला त्याला फार वेळ लागणार नाही. शिवाय ज्या बाईशी जमातीचं बिनसलंय तिचं नाव तो देणारच नाही. जमातीला कळवणं, तिचा मान राखणं हे वेगळं. मोहल्ल्यात शिरताना ते करावंच. पण जमातीची परवानगी ही बाईच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे २०१७ च्या तत्त्वांतही स्पष्ट आहे. आणि यादी जमातीकडून घेऊ नका. त्यापेक्षा असं करा: निवडलेल्या प्रत्येक मोहल्ल्यात सगळ्या घरांना जा. घरखर्च, कमाई, बायकांच्या नावावर काय आहे, सरकारी योजना मिळतात का, असे पंधरा-वीस मिनिटांचे प्रश्न सगळ्यांना विचारा. हे प्रश्न तुमच्या विषयात बसतात, त्यामुळे यात फसवणूक नाही. मग ज्या बाईला पुढे बोलायचं असेल ती फोन नंबर घेईल आणि सवडीने, तिच्या सोयीच्या जागी बोलेल. एकाच घरी दीड तास बसलेली पाहुणी साऱ्या वाडीला दिसते. सगळ्या घरी वीस मिनिटं बसलेल्या पाहुणीचं कुणाला काही वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घरगुती हिंसेच्या अभ्यासांसाठी सूचना काढल्या होत्या. त्यांतली एक मला फार शहाणपणाची वाटते: एका घरातल्या एकाच बाईला संवेदनशील प्रश्न विचारा. सासू आणि सून दोघींना विचारलं की दोघींनाही कळतं दुसरीला काय विचारलं गेलं. दुसरी सूचना अशी, की कुणी खोलीत आलं तर बदलायला एक निरुपद्रवी विषय दोघींनी आधीच ठरवून ठेवावा. आमच्याकडे रेशन हा विषय कधीही चालतो.

मदतीचा कागद द्यायचा असतो. हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, जिल्ह्यातले संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत. तो द्यायलाच हवा, आणि समिती तो मागेल. पण ‘कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठी’ असा मथळा असलेला कागद बाईच्या उशाखाली सापडला तर? कागदावर आधी ग्रामीण रुग्णालय, मग रेशन कार्यालय, आधार केंद्र, त्यांच्यामध्ये हे नंबर, असं छापा आणि सगळ्या घरांत तोच कागद द्या.

आता रेकॉर्डिंग. आपल्या बायका मराठीत सुरुवात करतील आणि मन मोकळं झालं की मुसलमानी कोकणीवर येतील. ती बोली ऐकून अचूक लिहून काढणारी माणसं कोण? आपलीच. म्हणजे ज्या मुलीला तुम्ही रेकॉर्डिंग उतरवायला द्याल तिची कुणी मावशी, कुणी चुलती त्या तीसजणींत असण्याची शक्यता भरपूर. मोठ्या शहरातल्या समितीला हे सुचणारही नाही. तुम्ही अर्जात लिहून त्यांना सांगायला हवं. मार्ग दोन आहेत. मुलाखत घेणारीनेच ती उतरवावी. वेळ लागेल, तासभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. नाहीतर उतरवणाऱ्या व्यक्तीला आधी फक्त गावांची यादी दाखवावी, नात्यातली गावं तिने स्वतः वगळावी, गोपनीयतेचं पत्र तिच्याकडून लिहून घ्यावं. आणि अहवालात बोलीतली वाक्यं जपून घाला. एखादीची लकब, तिचा ठरलेला शब्द, तिची शिवीसुद्धा गावाला पाठ असते. मला बोली आवडते, ती प्रमाण मराठीत आणली की रंग जातो. पण कुठे बोली ठेवायची आणि कुठे नाही हे बाईच्या सुरक्षिततेवर ठरवायचं, तुमच्या आवडीवर नाही.

फोनबद्दल थोडक्यात. कोबोसारख्या अ‍ॅपवर फॉर्म बनवताना `start-geopoint` आणि `deviceid` हे प्रकार घातले असतील तर काढा. नाहीतर प्रत्येक मुलाखतीबरोबर त्या घराचा नकाशावरचा ठिपका आपोआप साठतो आणि तुम्ही नाव बदलून काही उपयोग राहत नाही. फोनमध्ये नंबर ‘तलाक ३ पोलादपूर’ असा सेव्ह करू नका. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपने एकमेकांना पाठवू नका. ते फोनमध्ये साठून राहतं, तिथून बॅकअपमध्ये जातं आणि फोन घरातली पोरं खेळायला घेतात. कोणती मुलाखत कुणाची, हे सांगणारी यादी एकच असावी, वेगळ्या जागी, कुलपात, आणि ती कोणत्या तारखेला नष्ट करणार ती तारीख अर्जात लिहावी. कुलूप महाडला असेल तर वरच्या मजल्यावर. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘कोणताही धोका नाही.’ आयसीएमआरच्या तत्त्वांत धोक्याच्या पायऱ्या आहेत: किमान धोक्याहून कमी, किमान, किमान धोक्याहून किंचित जास्त, आणि त्याहून जास्त. तुमचा अभ्यास पहिल्या पायरीवर नाही. मी तिसरी लिहीन, काही स्त्रियांच्या बाबतीत चौथी, आणि पूर्ण समितीपुढे अर्ज जावा अशी विनंती स्वतःहून करीन. धोका कमी दाखवला की मंजुरी लवकर मिळते हा समज अगदी चुकीचा आहे. समितीला धोका चालतो. तो तुम्हाला दिसलेलाच नाही, हे मात्र तिला चालत नाही.

यातला सर्वांत अवघड भाग कायद्याचा. संमतीपत्रात तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही सांगितलेली माहिती पूर्णपणे गुप्त राहील’. असं वचन द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, नवरा-बायकोच्या बोलण्याला आहे. संशोधकाला आपल्या देशात तसं संरक्षण नाही. कोर्टाने मागितलं तर रेकॉर्डिंग द्यावं लागेल. बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी लढवय्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, मरेपर्यंत बाहेर येणार नाहीत या शब्दावर. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी त्या टेपांचं समन्स निघालं, आणि पुढे त्यांतल्या काही द्याव्या लागल्या. शब्द देणारे प्रामाणिक होते. फक्त जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द त्यांनी दिला होता.

आपल्या विषयात कायदे दोन ठिकाणी आडवे येतात. २०१९ च्या कायद्याने तात्काळ तिहेरी तलाक हा गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात फिर्याद ती बाई स्वतः किंवा तिचे रक्ताचे वा लग्नाचे नातेवाईकच देऊ शकतात. त्यामुळे तुम्हाला काही कळलं म्हणून पोलिसांत जायचं बंधन तुमच्यावर येत नाही. पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्या नवऱ्याने कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत, फोनवर की समोर तलाक दिला हे सगळं आलं, की तो पुरावा झाला. तिने पोलिसांत जायचं नाही असं ठरवलेलं असताना तुमच्या कपाटात तिच्या वतीने पुरावा पडून आहे. तुमचा प्रश्न पोटगीचा आहे. मग तारीख आणि शब्द विचारायचं कारण नाही. प्रश्नावलीतला नववा प्रश्न काढून टाका.

दुसरा कायदा पोक्सो. त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत गुन्हा घडल्याचं, किंवा घडण्याची भीती असल्याचं, कुणालाही कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. यात संशोधकाला सूट नाही. तुमचा तिसरा प्रश्न आहे, ‘लग्नाच्या वेळी वय किती होतं?’ आपल्यात सतराव्या वर्षी लग्न झालेल्या बायका आहेत, हिंदूंतही आहेत. उत्तर ऐकल्यावर तुम्ही काय करणार? पर्याय असे: वय हा तुमचा विषय नसेल तर विचारू नका, ‘लग्नाला किती वर्षं झाली’ हे ढोबळ गटांत विचारूनही तुमचं काम भागतं. आणि घरातल्या आजच्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार होत असल्याचं कुणी सांगितलं तर ते मी गुप्त ठेवू शकणार नाही, हे मुलाखतीच्या आधी, बाईला कळेल अशा शब्दांत सांगायचं. नंतर सांगणं हा विश्वासघात आहे. हा भाग एखाद्या वकिलाला दाखवून मगच अर्जात घाला.

संमतीपत्रावरची सही हाही एक प्रश्न आहे. तीसजणींच्या मुलाखतींतून नावं पुसली आणि तीसजणींच्या सह्या एका फायलीत ठेवल्या, तर ती फाइलच यादी झाली. अमेरिकेच्या नियमांत यासाठी सरळ सोय आहे: सही हाच ओळख उघड करणारा एकमेव कागद असेल आणि मुख्य धोका ओळख फुटण्याचाच असेल, तर समिती सही माफ करू शकते. आपल्याकडेही समितीच्या मंजुरीने तोंडी संमती घेता येते. ती कशी घेणार, साक्षीदार कोण, हे मात्र अर्जात लिहून मागावं लागतं. मागा.

आता एक प्रामाणिक अडचण. काही बाया म्हणतील, माझं नाव छापा. माझ्यावर झालंय, मी का लपू? या चळवळीत आपण त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, त्या काही बुरख्याआड नावं लपवून गेल्या नव्हत्या. पण शहाबानोंचंही आठवा. एप्रिल १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नाव देशभर झालं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांच्या अंगठ्याचं जाहीर पत्र आलं की हा निकाल मला नको. त्या वयस्कर बाईवर काय दबाव आला असेल याचा विचार करा. आणि निकाल नाकारूनही नाव काही परत घेता आलं नाही.

म्हणून नावाची संमती वेगळी घ्या, मुलाखतीच्या दिवशी घेऊच नका. बोलून मन भरून आलेलं असतं तेव्हा माणूस हो म्हणतो. काही आठवड्यांनी, तिचीच उतरवलेली मुलाखत तिला वाचून दाखवून, तिचा मुलगा, तिची मुलगी, तिचे भाऊ हे वाचतील असं सांगून विचारा. मुलांची नावं तिच्या संमतीनेही छापू नका. ती तिची नाहीत, मुलांची आहेत. आणि माघार कधीपर्यंत घेता येईल ती तारीख सांगा. ‘केव्हाही माघार घेऊ शकता’ हे खोटं आहे. छापून झाल्यावर घेता येत नाही.

आता समाजाबाहेरचा त्रास. अर्जाचा फॉर्म फक्त सहभागी व्यक्तीला होणारी हानी विचारतो. समाजाला होणाऱ्या हानीचा रकाना बहुतेक फॉर्ममध्ये नसतो; तो तुम्ही स्वतः जोडा. आपल्या कुठल्याही आकड्याची बातमी कशी होते हे आपण पाहिलंय. तीस बायकांपैकी अठराजणींना पोटगी मिळाली नाही असं निघालं, तर मथळा होईल ‘साठ टक्के मुस्लिम महिला पोटगीविना’. या तीसजणी तुम्ही निवडून घेतलेल्या असतील, त्यांच्यावरून टक्केवारी काढताच येत नाही. तेव्हा अहवालात टक्के लिहूच नका, ‘तीसपैकी अठरा’ लिहा, आणि शेजारी हेही लिहा की त्याच कोर्टात हिंदू परित्यक्ता स्त्रियांच्या वाट्याला काय येतं ते या अभ्यासात पाहिलेलं नाही. जमेल तर पाचसहा हिंदू बायकांना तेच प्रश्न विचारा. मग कोर्टाची दिरंगाई कुठली आणि जमातीची कुठली हे वेगळं होऊ लागेल.

आपलीच काही माणसं यावर म्हणतील, बदनामी होते तर अभ्यासच कशाला? मला हे मान्य नाही. बदनामीच्या भीतीने बाईचा प्रश्न दाबायचा हे आपण साठ वर्षं ऐकतोय. पण बाईच्या प्रश्नासाठी मोहल्ल्याचा नकाशा तयार करून इंटरनेटवर ठेवायचा, हेही मला मान्य नाही. नेदरलँड्समध्ये युद्धाआधी लोकसंख्येची चोख नोंदवही होती, तिच्यात धर्माचा रकाना होता, आणि तो चांगल्या हेतूनेच ठेवला होता. नाझी आले तेव्हा ज्यू कुठे राहतात हे त्यांना शोधावं लागलं नाही. मार्च १९४३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या काही कलाकारांनी आणि विद्यार्थ्यांनी ती नोंदणी कचेरी जाळायचा प्रयत्न केला. गावाचं नाव, घराचा ठिपका आणि धर्म या तीन गोष्टी तुमच्या एकाच फायलीत एकत्र असू नयेत, असं मी म्हणते ते यासाठी. धर्माचा रकाना तर तुम्हाला लागतच नाही. सगळ्याच मुस्लिम आहेत, मग प्रत्येक ओळीत तो शब्द कशाला?

शेवटी एक काम सांगते, ते अर्जात वेळापत्रकात घाला. छापायच्या आधी अहवाल या भागातल्या, पण या अभ्यासाशी संबंध नसलेल्या दोघांना वाचायला द्या. त्यांना एवढंच सांगा: यातलं कोण कोण ओळखू येतं ते सांगा. नाव सांगू नका, फक्त पान आणि ओळ दाखवा. ज्या ज्या ओळीवर त्यांचं बोट जाईल ती ओळ गाळा किंवा बदला. या कामाला पंधरा दिवस धरा. दोघांपैकी एक बाई असू द्या, आणि शक्यतो लग्नं जुळवणारी. पोलादपूरपासून श्रीवर्धनपर्यंत कोण कुणाची कोण हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.